विमा विकण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

(नव्याने नेमल्या गेलेल्या विमा प्रतिनिधींच्या हैदराबाद येथील प्रशिक्षणवर्गात पहिल्या दिवशी प्रशिक्षकांनी केलेल्या प्रास्ताविक भाषणाचा मजकूर)



विमा नियामक व विकास प्राधिकरणाचे मुख्य कार्यालय २००१ साली दिल्लीहून या हैदराबाद शहरात आले. देशातील विमा व्यवसायाचे नियम तेव्हापासून याच शहरात तयार होतात. तथापि नियमांचा खरा कस या शहरातील कार्यालयात लागत नाही. काचीगुड्यातील एखाद्या चाळीत, नांदेडकडील एखाद्या खेड्यातील ओसरीवर, किंवा रिक्षाच्या थांब्यावर चहा पिता पिता प्रतिनिधी आणि गृहस्थ यांच्यात जे अर्धा तास बोलणे होते, तेथे तो लागतो. त्या अर्ध्या तासात जे विचारले गेले नाही, सांगितले गेले नाही किंवा चुकीचे लिहिले गेले, ते पुढे काही वर्षांनी, घरातील कर्ता पुरुष गेल्यानंतर, त्याच्या पत्नीच्या हातातील कागदावर उमटते. यास्तव या वर्गाचा प्रारंभ विम्याच्या योजनांपासून न करता त्या अर्ध्या तासापासून करणे इष्ट होय.

प्रथम एक गोष्ट उघडपणे मान्य केली पाहिजे. प्रतिनिधीचे हित आणि विमेदाराचे हित ही नेहमीच एका वाटेने जात नाहीत. प्रतिनिधीस वेतन नसते, दलाली असते, आणि ती हप्त्याच्या प्रमाणात मिळते. पूर्वीच्या विमा कायद्यानुसार दीर्घ मुदतीच्या आयुर्विम्यावर पहिल्या वर्षाच्या हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत दलाली देता येत असे, आणि पुढील वर्षांत ती साडेसात व पाच टक्क्यांपर्यंत खाली येत असे. २०२३ च्या नियमांनी प्रत्येक योजनेवरील ही स्वतंत्र मर्यादा काढून टाकली आणि दलालीचे धोरण ठरविण्याचे काम कंपनीच्या संचालक मंडळाकडे, एकूण खर्चाच्या मर्यादेत, सोपविले. तरीही पहिल्या वर्षी अधिक आणि पुढे कमी, ही दलालीची ठेवण सर्वसाधारणपणे तशीच राहिली. परिणाम असा होतो की, पन्नास हजारांच्या हप्त्याची पॉलिसी विकणारा प्रतिनिधी नऊ हजारांची पॉलिसी विकणाऱ्यापेक्षा त्या महिन्यात बरेच अधिक मिळवितो, मग गृहस्थाला त्यांपैकी कोणतीही योग्य असो. हा मोह नाकारून चालत नाही. तो ओळखून त्यास बांध घालावा लागतो, आणि तो बांध म्हणजे ठराविक प्रश्न, ठराविक क्रमाने विचारण्याची सवय.

हे प्रश्न कोणते, ते एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण कल्पित आहे, परंतु अशी घरे या शहरात आणि मराठवाड्यात शेकड्यांनी आहेत.

काचीगुड्यात राहणारा, मूळचा नांदेड जिल्ह्यातील एक रिक्षाचालक. वय ३५. घरी वृद्ध आई, पत्नी, आठ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. पत्नी शिवणकाम करून महिना तीन हजार रुपये मिळविते. रिक्षावर दीड लाख रुपयांचे कर्ज बाकी असून त्याचा मासिक हप्ता पाच हजारांचा आहे. रिक्षाचे उत्पन्न सरासरी चोवीस हजार. बँकेत खाते आहे आणि त्यातून वर्षाला ४३६ रुपये कापले जाऊन प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचे दोन लाखांचे संरक्षण त्याला आहे. तो प्रतिनिधीला म्हणतो, "साहेब, पोरीच्या लग्नाकरिता काहीतरी करायचं आहे. एखादी चांगली पॉलिसी सांगा."

घाईत असलेला प्रतिनिधी मनातल्या मनात एक हिशेब मांडतो. रिक्षाचे चोवीस आणि शिवणकामाचे तीन, असे सत्तावीस हजार. घरखर्च अठरा, कर्जाचा हप्ता पाच. उरले चार हजार. म्हणजे वर्षाला अठ्ठेचाळीस हजार. तेव्हा पंधरा वर्षे मुदतीची, वर्षाला पन्नास हजार हप्त्याची बचतीची पॉलिसी अगदी बसते. गृहस्थाला तो सांगतो, "भाऊ, दिवसाला दीडशे रुपयेसुद्धा पडत नाहीत. साडेसात लाख भरा, पंधरा वर्षांनी सव्वाअकरा लाखांच्या पुढे मिळतील." गृहस्थ खूश होतो आणि सही करतो.

यात असत्य असे एकही वाक्य नाही, हे लक्षात घ्या. तरीही ही विक्री अयोग्य आहे. ती का अयोग्य, हे तीन प्रश्नांनी उघड होते.

पहिला प्रश्न: हा गृहस्थ उद्या नसला तर घराला किती रकमेची गरज पडेल? घरखर्च महिना अठरा हजारांचा आहे, त्यापैकी स्वतः त्याच्यावर होणारा खर्च तीन हजार धरू. उरले पंधरा हजार. पत्नीचे तीन हजार वजा जाता घराला महिना बारा हजार, म्हणजे वर्षाला एक लाख चव्वेचाळीस हजार कमी पडतील. धाकटा मुलगा वीस वर्षांचा होईपर्यंत, म्हणजे पंधरा वर्षे, ही तूट भरून निघावी लागेल. पंधरा वर्षांचे एकवीस लाख साठ हजार होतात. त्यात कर्जाचे दीड लाख मिळविले की तेवीस लाख दहा हजार. जीवन ज्योतीचे दोन लाख वजा करता सुमारे एकवीस लाख. महागाईने ही गरज वाढेल आणि एकरकमी मिळालेल्या पैशावरील व्याजाने ती काही अंशी भरून निघेल, म्हणून या ढोबळ हिशेबात दोन्ही सोडून दिले आहेत. आता पन्नास हजारांच्या बचतीच्या पॉलिसीवर मृत्यूचे संरक्षण किती? साधारणतः वार्षिक हप्त्याच्या दहापट, म्हणजे पाच लाख. गरज एकवीस लाखांची आणि घरात येणार पाच लाख. पंधरा वर्षांची तूट त्या पैशाने साडेतीन वर्षेदेखील भागणार नाही.

दुसरा प्रश्न: वाईट महिन्यात उत्पन्न किती असते? सरासरीचा आकडा येथे फसवितो. आपल्या रिक्षाचालकाचे आठ महिने अठ्ठावीस हजारांचे जातात आणि चार महिने, म्हणजे पावसाळा आणि शाळांच्या सुट्ट्यांच्या काळात, केवळ सोळा हजारांचे जातात. सरासरी चोवीस हजार हे खरे, परंतु त्या चार महिन्यांत पत्नीचे तीन हजार धरूनही दरमहा चार हजारांची तूट पडते. चांगल्या महिन्यांतील शिलकीतून ती भरल्यानंतर वर्षाला अठ्ठेचाळीस हजार उरतात. त्यातून शाळेचे शुल्क, वह्यापुस्तके, सणवार, गावी जाणे-येणे आणि आईचे औषधपाणी जायचे असते. त्याचे पंचवीस हजार धरले तर प्रत्यक्ष शिल्लक तेवीस हजार. पन्नास हजारांचा हप्ता पहिल्या वर्षी तो उसनवार करून भरील, दुसऱ्या वर्षी पत्नीचे दागिने गहाण ठेवून भरील, आणि तिसऱ्या वर्षी थांबेल.

थांबल्यावर काय होते ते आता पाहू. वार्षिक हप्त्यास तीस दिवसांची सवलतीची मुदत असते. ती उलटली की पॉलिसी बंद पडते. दोन वर्षांत भरलेले एक लाख रुपये परत मागितले तर हमी समर्पणमूल्य दुसऱ्या वर्षाअखेर ३० टक्क्यांपासून सुरू होते, म्हणजे तीस हजार. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनी विमेदाराची बाजू काहीशी सुधारली आहे. एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असला तरी विशेष समर्पणमूल्य मिळू शकते, आणि ते हमी मूल्यापेक्षा अधिक असू शकते. परंतु इतक्या लवकर सोडलेल्या पॉलिसीत भरलेली सर्व रक्कम परत येईल, अशी आशा प्रतिनिधीने कोणालाही लावू नये. बंद पडलेली पॉलिसी पुढे पुनरुज्जीवित करता येते, पण त्यास थकलेले हप्ते व्याजासह भरावे लागतात आणि प्रकृतीविषयी पुन्हा निवेदन द्यावे लागते. ज्याच्याकडे हप्ता नव्हता, त्याच्याकडे हप्ता आणि व्याज दोन्ही कोठून येणार?

तिसरा प्रश्न: हा पैसा कशासाठी हवा आहे आणि कधी हवा आहे? "साडेसात लाखांचे सव्वाअकरा लाख" हे शब्द कानाला गोड वाटतात, कारण ऐकणारा त्याला दीडपट समजतो. पण पैसा एकदम भरलेला नसून वर्षावर्षाला भरलेला आहे. दरवर्षी पन्नास हजार याप्रमाणे पंधरा वर्षे भरून शेवटी सुमारे अकरा लाख तेहतीस हजार मिळाले, तर त्याचा वार्षिक दर पाच टक्क्यांच्या आसपास पडतो. शिवाय बोनसची रक्कम हमीची नसते. म्हणूनच अशा योजनांच्या लाभदर्शक तक्त्यात ४ टक्के आणि ८ टक्के अशा दोन गृहीत दरांनी रकमा दाखवाव्या लागतात आणि त्या तक्त्यावर ग्राहक व प्रतिनिधी या दोघांच्या सह्या घ्याव्या लागतात. त्यातील केवळ ८ टक्क्यांचा रकाना बोटाने दाखवून दुसऱ्यावर हात ठेवणे, हा या व्यवसायातील सर्वांत जुना हातचलाखीचा प्रकार आहे. दोन्ही रकाने मोठ्याने वाचावेत आणि हे दर म्हणजे आश्वासन नव्हे, हेही सांगावे.

तर मग या रिक्षाचालकास योग्य काय? प्रथम निव्वळ मुदत विमा. यात मुदतीत मृत्यू आला तर पूर्ण रक्कम मिळते, आणि मुदत सुखरूप संपली तर काहीही मिळत नाही, म्हणूनच तो स्वस्त असतो. सर्व आयुर्विमा कंपन्यांनी एकाच साच्याचा "सरल जीवन विमा" १ जानेवारी २०२१ पासून उपलब्ध करून दिला. त्यात पाच लाखांपासून पंचवीस लाखांपर्यंत संरक्षण घेता येते. पहिल्या पंचेचाळीस दिवसांत मात्र केवळ अपघाती मृत्यूचा दावा मिळतो, ही अट प्रतिनिधीने आधीच सांगितली पाहिजे. हप्ता वय, प्रकृती, तंबाखूचे व्यसन आणि कंपनी यांनुसार बदलतो, तो त्या त्या कंपनीच्या तक्त्यावरून काढावा. उदाहरणापुरता वीस लाखांसाठी, वीस वर्षे मुदतीचा, तो वर्षाला नऊ हजार धरू. तेवीस हजारांतून नऊ हजार गेले, चौदा हजार उरले. त्यातील काही रक्कम वाईट महिन्यांसाठी बँकेत हाताशी राहावी. मुलगी आठ वर्षांची, म्हणजे दहाच्या आतील असल्यामुळे तिच्या नावे पोस्टात किंवा बँकेत सुकन्या समृद्धी खाते उघडता येते. त्यात वर्षाला किमान अडीचशे रुपये भरले तरी खाते चालू राहते, आणि वाईट वर्षी कमी भरण्याची मोकळीक असते. गृहस्थाने जे मागितले होते, मुलीच्या लग्नाची तरतूद, ती अशा रीतीने होऊ लागते, आणि त्याने जे मागितले नव्हते पण ज्याची त्याच्या घराला खरी गरज होती, तेही होते.

सुकन्या खात्यावर विमा प्रतिनिधीला काही मिळत नाही. जीवन ज्योतीचे पैसे मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून कापले जातात, तेव्हा खात्यात शिल्लक ठेवा, ही आठवण दिल्याबद्दलही काही मिळत नाही. परंतु नऊ हजारांचा हप्ता भरणारा माणूस विसाव्या वर्षीही भरीत असतो, आणि पन्नास हजारांचा हप्ता तिसऱ्या वर्षी थांबलेला असतो. कंपन्या तेराव्या महिन्यात आणि एकसष्टाव्या महिन्यात किती पॉलिसी चालू राहिल्या, याचा हिशेब ठेवतात. प्रतिनिधीने पहिल्या दिवशी विचारलेले प्रश्न त्या हिशेबात दिसू लागतात.

याचा अर्थ बचतीच्या पॉलिसी सर्वांनाच अयोग्य असा नव्हे. नियमित वेतन असलेला, पुरेसे मृत्यूसंरक्षण आधीच घेतलेला, आणि हाताशी पैसा राहिला की खर्च होतो असे स्वतःच सांगणारा शिक्षक किंवा कर्मचारी दीर्घ मुदतीची बचत म्हणून ती समजून उमजून घेऊ शकतो. उलट, ज्याच्यावर कोणीही अवलंबून नाही अशा साठीच्या गृहस्थाला मुदत विमासुद्धा विकू नये. त्याला बहुधा आरोग्य विम्याची गरज असते. योग्यता योजनेत नसते, ती योजना आणि घर यांच्या जुळण्यात असते.

आता प्रस्तावपत्राकडे वळू. येथे या शहराची एक विशेष अडचण आहे. गृहस्थ मराठी, तेलुगू किंवा दखनी उर्दू बोलणारा, आणि प्रस्तावपत्र बहुधा इंग्रजीत. मग प्रतिनिधी म्हणतो, "तुम्ही फक्त सही करा, बाकीचे मी भरतो." हे सौजन्य पुढे घराच्या मुळावर येऊ शकते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली निकाल दिलेले एक प्रकरण या दृष्टीने प्रत्येक प्रतिनिधीने जाणून घ्यावे असे आहे. २००९ च्या जुलैत एका गृहस्थाने एका कंपनीकडे अकरा लाखांचा आयुर्विमा उतरविला. सप्टेंबरात त्याने दुसऱ्या कंपनीकडे दहा लाखांचा उतरविला. दुसऱ्या प्रस्तावपत्रात अन्य पॉलिसी आहेत काय, असा स्पष्ट प्रश्न होता, आणि त्याच्या उत्तरात पहिल्या पॉलिसीचा उल्लेख नव्हता. २०१० च्या फेब्रुवारीत तो मृत्यू पावला. कंपनीने दावा नाकारला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो नकार ग्राह्य धरला. हा मजकूर न वाचता किंवा न समजता सही केली होती, असे म्हणून सही करणाऱ्याला सामान्यतः सुटता येत नाही, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. त्याच्या जोडीला आणखी एक तत्त्व आहे. प्रतिनिधी जेव्हा ग्राहकाचे प्रस्तावपत्र भरतो, तेव्हा त्या कामापुरता तो कंपनीचा नव्हे, तर ग्राहकाचा माणूस समजला जातो. म्हणजे प्रतिनिधीने केलेली चूक कंपनीच्या माथी बसत नाही, ती विधवेच्या माथी बसते.

म्हणून रीत अशी असावी. प्रत्येक प्रश्न गृहस्थाच्या भाषेत वाचून दाखवावा आणि त्याच्या तोंडचे उत्तर जसेच्या तसे लिहावे. मधुमेह, रक्तदाब, पूर्वीची शस्त्रक्रिया, तंबाखू, अन्य पॉलिसी, या प्रत्येकावर थांबावे. "थोडीशी साखर आहे, पण गोळी चालू आहे" असे तो म्हणाला तर तेच लिहावे. त्यामुळे वैद्यकीय तपासणी होईल, कदाचित हप्ता वाढेल, क्वचित प्रस्ताव नाकारलाही जाईल. पण आज नाकारलेला प्रस्ताव हा उद्या नाकारल्या जाणाऱ्या दाव्यापेक्षा केव्हाही बरा. गृहस्थ इंग्रजीखेरीज अन्य भाषेत सही किंवा अंगठा करीत असेल, तर मजकूर त्याला समजावून सांगितला आहे, असे निवेदन प्रस्तावपत्राच्या शेवटी असते. अंगठ्याच्या बाबतीत ते त्रयस्थ माणसाने करावयाचे असते. गावातील शिक्षक किंवा ग्रामसेवक यांना अनेकदा या जागी सहीसाठी बोलाविले जाते. त्यांनीही मजकूर खरोखर समजावून सांगितला जाईपर्यंत लेखणी उचलू नये.

विमा कायद्याचे कलम ४५ येथे ध्यानात ठेवावे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर पॉलिसी सुरू होऊन तीन वर्षे पूर्ण झाली की कोणत्याही कारणावरून तिच्या वैधतेस आव्हान देता येत नाही. पण पहिल्या तीन वर्षांत मृत्यू आला तर कंपनी चौकशी करते, रुग्णालयांचे जुने कागद पाहते, आणि प्रस्तावपत्रातील उत्तराशी ते ताडून पाहते. "तीन वर्षे काढा, मग कोणी विचारीत नाही" असे सांगून आजार लपवायला लावणारा प्रतिनिधी त्या घराच्या तीन वर्षांवर जुगार खेळत असतो.

विक्रीनंतरही प्रतिनिधीच्या हाताने घर उद्ध्वस्त होऊ शकते, याचे एक जुने उदाहरण आहे. एका गृहस्थाने भारतीय आयुर्विमा महामंडळाच्या पंचवीस हजारांच्या चार पॉलिसी घेतल्या होत्या. थकलेल्या हप्त्याचा धनादेश त्याने १९८७ च्या जूनमध्ये प्रतिनिधीच्या हाती दिला. तो पैसा महामंडळात भरला गेला १० ऑगस्टला. आदल्याच दिवशी, ९ ऑगस्टला, गृहस्थ अपघातात मरण पावला होता. पैसा दोन महिने आधी दिला होता, असे कुटुंबीयांचे म्हणणे होते. परंतु हप्ता स्वीकारण्याचा अधिकार प्रतिनिधीस नव्हता, म्हणून त्याला दिलेला पैसा महामंडळाला दिला असे होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली दिला. विमेदारानेच हप्ता कंपनीच्या खात्यात भरावा आणि कंपनीची पावती घ्यावी. "द्या माझ्याजवळ, उद्या भरतो" हे शब्द प्रतिनिधीने उच्चारू नयेत, आणि विमेदारानेही ते ऐकून घेऊ नयेत.

पहिल्या हप्त्यातील काही रक्कम परत देण्याचे आमिष दाखविणे हेही असेच आहे. कलम ४१ नुसार तो गुन्हा असून २०१५ पासून त्यास दहा लाखांपर्यंत दंड आहे. चालू पॉलिसी मोडून नवी घ्यायला लावणे, दाव्याच्या रकमेत वाटा मागणे, याही गोष्टी प्रतिनिधींच्या आचारसंहितेने वर्ज्य केल्या आहेत. तुम्हाला यात काय मिळते, असे ग्राहकाने विचारले तर दलालीचा दर सांगणे बंधनकारक आहे. तो सांगताना संकोच वाटला, तर विक्रीत कोठेतरी चूक आहे असे समजावे.

अखेरीस एक साधी कसोटी. सही होण्यापूर्वी गृहस्थाला आणि शक्यतो त्याच्या पत्नीलाही चार गोष्टी त्यांच्या स्वतःच्या शब्दांत सांगायला लावाव्यात. किती वर्षे भरायचे? मध्येच थांबले तर काय होईल? माणूस गेला तर घरात किती येईल? माणूस राहिला तर किती मिळेल? यांपैकी एकाचेही उत्तर अडखळले तर त्या दिवशी सही घेऊ नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. पॉलिसीचा कागद हाती आल्यावरही तो वाचून पाहण्यास २०२४ च्या नियमांप्रमाणे तीस दिवसांची मुदत आहे. या मुदतीत पॉलिसी परत केली तर तेवढ्या दिवसांच्या संरक्षणाचा खर्च, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांक शुल्क वजा जाता पैसे परत मिळतात. हे प्रतिनिधीने स्वतः सांगावे. आणि तरीही कोणावर अन्याय झाला, तर त्याने प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार द्यावी. तेथे एक महिन्यात समाधान झाले नाही, तर हैदराबाद, मुंबई, पुणे आदी ठिकाणी असलेल्या विमा लोकपालांकडे कोणतेही शुल्क न देता व वकील न लावता जाता येते.

दुपारच्या सत्रात प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या एका घराचा हिशेब, वर केला त्याच क्रमाने, कागदावर मांडावयाचा आहे. वाईट महिन्याचे उत्पन्न विचारल्याखेरीज तो कागद पूर्ण झाला असे मानले जाणार नाही.